आयबीएस म्हणाले, पण हिमोग्लोबिन का उतरलं?

पत्र

मी ३६ वर्षांची आहे, एसटीत वाहक आहे. चार वर्षांपूर्वी एका लग्नातलं जेवण बाधलं, आठ दिवस जुलाब झाले आणि तेव्हापासून पोट पूर्वीसारखं झालंच नाही. पहाटे ड्युटीला निघायच्या आधी तीन-चार वेळा जावं लागतं. पोटात कळ येते, जाऊन आलं की थांबते. पातळ होतं, कधी कधी आव पडते. रक्त कधी दिसलं नाही. सुटीच्या दिवशी बरंच बरं असतं. दोनदा सोनोग्राफी केली, नॉर्मल आली. आवेच्या गोळ्यांचे सहा-सात कोर्स झाले. शेवटच्या डॉक्टरांनी ‘आयबीएस आहे, टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. मी गहू, दूध, डाळी, तिखट सगळं बंद केलं आहे. वर्षभरात पाच किलो वजन उतरलं. डेपोच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघालं. माझे मामा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने ६६ व्या वर्षी गेले, म्हणून माहेरचे म्हणतात दुर्बिणीची तपासणी करून टाक. यजमान म्हणतात सगळं मनात आहे. खरं कोणाचं मानू?

उत्तर

ताई,

माहेरच्यांना मामांची आठवण आहे आणि यजमानांना सुटीच्या दिवशीचं तुमचं बरं असणं दिसतं. दोघांनाही जे दिसलं ते खरं आहे. पण माझं लक्ष पत्रातल्या ज्या दोन ओळींवर थांबलं, त्यांच्याकडे यांपैकी कोणीच पाहिलेलं नाही: ९.८ आणि पाच किलो. तुमच्या पोटाच्या तक्रारीची गोष्ट एक आणि या दोन आकड्यांची गोष्ट दुसरी. त्या एकच आहेत असं आपण सगळे धरून चाललो आहोत. आधी त्या वेगळ्या करू या.

पहिली गोष्ट, पोटाची. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा आतड्याच्या कामकाजातला बिघाड. तो म्हणजे ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, आता काहीतरी नाव द्यायचं म्हणून दिलेलं नाव’ असा समज रुग्णांत आहे आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांतही आहे. तसं नाही. या आजाराची स्वतःची ओळख आहे आणि ती ठरवण्याचे निकष २०१६ मध्ये नव्याने लिहिले गेले. तक्रार सुरू होऊन निदान सहा महिने झालेले असावेत. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलेलं असावं. आणि त्या दुखण्याचं शौचाशी नातं असावं: जाऊन आल्यावर कमी-जास्त होणं, किती वेळा जावं लागतं ते बदलणं, शौचाचं रूप बदलणं, या तिन्हींपैकी दोन तरी. तुमचं दुखणं यात चपखल बसतं. सुरुवातही ओळखीची आहे. पोट बाधल्यानंतर मागे राहणारा आयबीएस हा त्याचा एक ठाऊक असलेला प्रकार आहे.

कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले आणि दोन हजारांहून जास्त लोकांना जुलाब झाले. डॉक्टरांनी त्या गावकऱ्यांचा आठ वर्षं पाठपुरावा केला. आजारी पडलेल्यांपैकी शंभरात सुमारे २८ जणांना दोन-तीन वर्षांनीही आयबीएस होता. आठव्या वर्षी तो आकडा जवळपास १५ वर आला. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण चार वर्षं झाली म्हणजे आता जन्माचंच झालं, असं तुम्ही मनात धरलं असेल. त्या गावात जवळजवळ निम्म्या लोकांचं दुखणं हळूहळू गेलं.

आवेबद्दलही इथेच बोलते. चिकट पांढरट पडलं की आपल्याकडे ‘आव झाली’ म्हणतात आणि जंतूंच्या गोळ्या सुरू होतात. ती चिकट आव म्हणजे आतड्याच्या अस्तराचा स्राव असतो. तो निरोगी आतड्यातही तयार होतो आणि आयबीएसमध्ये तो दिसणं नेहमीचं आहे. शौचाच्या रिपोर्टवर ‘अमिबाच्या सिस्ट’ लिहून आलं तरी तेवढ्यावरून अमिबाचा आजार ठरत नाही. रोग करणारा अमिबा आणि अगदी तसाच दिसणारा निरुपद्रवी अमिबा, सूक्ष्मदर्शकाखाली या दोघांत फरक करता येत नाही. एका नीट कोर्सनंतर दुसऱ्याने, तिसऱ्याने फरक पडला नाही, तेव्हाच प्रश्न अमिबाचा नाही हे दिसलं होतं. आता आणखी एकही कोर्स घेऊ नका.

आता दुसरी गोष्ट. आयबीएसने हिमोग्लोबिन उतरत नाही. त्याने कितीही हैराण केलं तरी आतड्याला जखम होत नाही, रक्त झिरपत नाही आणि अन्नातलं लोह शोषण्यात अडथळा येत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढे हवं. तुमचं ९.८ आहे, म्हणजे बहुधा कुठेतरी गळती आहे, किंवा पोटात जात नाही, किंवा गेलेलं शोषलं जात नाही. आयबीएसचं निदान खरं असूनही हा शोध बाकी राहतो. ज्यांना आयबीएस आहे त्यांना दुसरा आजार होत नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

पहिला प्रश्न पाळीचा. किती दिवस जाते? दोन-दोन तासांत पॅड बदलावा लागतो का? गाठी पडतात का? सात दिवसांवर जात असेल तर जास्त. आपल्याकडे बायका याला ‘अंगावर जास्त जातं’ म्हणून सोडून देतात, आणि बाईचं रक्त कमी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं. मात्र ‘बाई आहे, पाळीमुळेच असणार’ असं न विचारता ठरवणंही तितकंच चुकीचं. विचारा, मोजा, मग ठरवा.

दुसरा प्रश्न वजनाचा. वजन आधी उतरायला लागलं की आधी तुम्ही जेवण कमी केलं? गहू, डाळ, दूध सोडून दिवसभर बसमध्ये उभं राहणाऱ्या बाईचं पाच किलो वजन कमी होणं हे नुसत्या उपासमारीनेही होऊ शकतं. जेवण तेवढंच असताना, भूकही तशीच असताना वजन गेलं असेल, तर मात्र मी ते पोटाच्या आजाराच्या खात्यात टाकेन. दोन आठवडे रोज काय खाल्लं ते लिहून काढा. आपण किती कमी खातो हे कागदावर पाहिल्याशिवाय कळत नाही.

याशिवाय काही गोष्टी अशा आहेत की त्या असतील तर ‘आयबीएस आहे’ म्हणून स्वस्थ बसायचं नाही, मग वय काहीही असो. शौचातून रक्त. मध्यरात्री गाढ झोपेतून उठवून संडासला पळवणारी कळ. पहाटे उठल्यावर लागते ती यात धरायची नाही, कारण आयबीएसचं पोट सहसा तुमच्याबरोबरच झोपतं. संध्याकाळी चढणारा बारीक ताप आणि रात्रीचा घाम. पोटात हाताला लागणारी गाठ. आणि ज्यांचं पोट आयुष्यभर ठीक होतं त्यांना पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार.

रक्ताबद्दल जरा थांबून सांगते. एक चाळिशीचे शेतकरी माझ्याकडे आले तेव्हा आठ महिने मूळव्याधीचं मलम लावत होते. मूळव्याध त्यांना होतीच. पण रक्त फक्त शेवटी थेंबाथेंबाने पडत नव्हतं, ते शौचात मिसळलेलं होतं आणि पोट साफ झाल्यासारखं वाटतच नव्हतं. आत वर गाठ निघाली. मूळव्याध दिसली म्हणजे रक्ताचं कारण सापडलं, हा निष्कर्ष कोणाकडूनही मान्य करू नका, निदान एकदा आतून पाहिल्याशिवाय. तुम्हाला रक्त दिसलेलं नाही, पण हे वाचणाऱ्यांत कोणाला तरी दिसलं असेल.

संध्याकाळच्या तापाचा उल्लेख मी आतड्याच्या टीबीसाठी केला. आपल्या देशात तो आहे आणि तो लहान व मोठं आतडं जिथे जुळतं तिथे, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला बसायला पाहतो. वजन जातं, रक्त कमी होतं, कळा येतात, कधी जुलाब, कधी पोट गच्च. क्रोन्स नावाचा आतड्याच्या सुजेचा आजारही त्याच जागी तसाच दिसतो. दोघांचे उपचार इतके उलट आहेत की तुकडा काढून तपासल्याशिवाय घाईने औषध सुरू करणं धोक्याचं. टीबीवर क्रोन्सची स्टेरॉइड पडली तर टीबी पसरतो. म्हणून घरात किंवा कामावर कोणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

तपासण्यांकडे येऊ. सोनोग्राफीने यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय चांगलं दिसतं. आतडं मात्र हवेने भरलेली नळी असते आणि सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत. त्यामुळे दोन नॉर्मल सोनोग्राफींनी तुमच्या आतड्याबद्दल फारसं काही सांगितलेलं नाही. तिसरी करू नका. त्यापेक्षा साध्या तपासण्या पुष्कळ जास्त बोलतात. रक्ताच्या पेशींची पूर्ण तपासणी, त्याबरोबर फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे. शरीरात सूज असली तर हा आकडा खोटा वर दिसतो, म्हणून सोबत सीआरपी ही सूज दाखवणारी रक्ततपासणी करायची. थायरॉइडचं टीएसएच, कारण थायरॉइड जास्त चालली तर वजन आणि जुलाब दोन्हीचं उत्तर तिथेच मिळतं. सिलिअ‍ॅकसाठी एक रक्ततपासणी. आणि शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी.

ही शेवटची तपासणी तुमच्या प्रश्नासाठी जणू बेतलेली आहे. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन शौचात उतरतं. ते मोजायचं. एका ग्रॅम शौचात ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर क्रोन्ससारखी सूज असण्याची शक्यता फारच कमी. २५० च्या वर गेलं तर आतून पाहायलाच हवं. मधलं काही आलं तर काही आठवड्यांनी परत करायचं. एक पथ्य आहे: कंबरदुखी-डोकेदुखीसाठी आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेत असाल तर त्या आधी दोन-तीन आठवडे थांबवा, आणि जुलाबाची साथ नुकतीच होऊन गेली असेल तर लगेच नमुना देऊ नका. दोन्हींमुळे आकडा वर जातो आणि उगाच घबराट होते. हेही लक्षात ठेवा की ही सूज मोजणारी तपासणी आहे. आकडा कमी आला म्हणजे गाठ नाहीच, असं त्यावरून म्हणता येत नाही.

सिलिअ‍ॅकच्या बाबतीत तुमच्या पत्रात एक अडचण लपलेली आहे. हा गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आजार. त्यात जुलाब होतात, वजन जातं, लोह शोषलं जात नाही, म्हणजे तुमच्या दोन्ही गोष्टी एका धाग्यात ओवणारं ते एक कारण असू शकतं. पण रक्तातली तपासणी ग्लुटेनला शरीराने दिलेलं उत्तर मोजते. गहू बंद असेल तर उत्तर मिळणार कसं? आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येईल आणि कायमचा दिशाभूल करून जाईल. म्हणून तपासणीआधी निदान सहा आठवडे गहू परत सुरू करा, दिवसातून दोन जेवणांत, रोज. त्रास थोडा वाढला तर सहन करा, फारच वाढला तर डॉक्टरांना सांगून नमुना लवकर द्या. बाकीच्या तपासण्यांसाठी हे सहा आठवडे थांबायचं नाही, त्या याच आठवड्यात करून घ्या. गव्हाने पोट बिघडतं म्हणून परस्पर पोळी सोडलेल्या सगळ्यांनाच हे लागू आहे. आधी तपासणी, मग पथ्य.

आता दुर्बिणीची तपासणी. मामा ६६ व्या वर्षी गेले, हे तुमच्यासाठी तिचं पुरेसं कारण नाही. आई, वडील, सख्खं भावंडं यांच्यापैकी कोणाला, त्यातही पन्नाशीच्या आत, मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असता तर गोष्ट वेगळी. मामांच्या आजाराचा विचार आईच्या बाबतीत मात्र करायला हवा: मामा त्यांचे सख्खे भाऊ, म्हणून आईने आपल्या डॉक्टरांना हे सांगून ठेवावं. तेव्हा माहेरच्यांचं कारण मला पटत नाही, पण ते ज्या निष्कर्षाला आले तो बरोबर ठरण्याची शक्यता आहे. माझा हिशोब असा. फेरिटिन कमी आणि पाळी जास्त जात नाही, तर वाद न घालता तोंडाकडून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करून घ्या. कॅल्प्रोटेक्टिन वाढलेलं आलं तरी खालून पाहायचं. पाळी खरोखर जास्त जाते, बाकी सगळं नॉर्मल आहे आणि वजन तुम्ही खाणं तोडल्यावरच उतरलं आहे, तर आधी लोहाच्या गोळ्या आणि पाळीवर उपचार करायला हरकत नाही. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोनने वर यायला हवं. आलं नाही, किंवा गोळ्या बंद केल्यावर परत घसरलं, किंवा नीट जेवूनही वजन उतरतच राहिलं, तर दुर्बीण. अंतिम निर्णय पोट तपासणाऱ्या डॉक्टरांचा. त्यांना मामांची गोष्ट सांगण्याआधी हे दोन आकडे सांगा.

याच्या उलट, ज्यांचं वय पंचेचाळीसच्या आत आहे, ज्यांना वर सांगितलेलं एकही लक्षण नाही, हिमोग्लोबिन आणि कॅल्प्रोटेक्टिन चांगलं आहे, त्यांनी फक्त मनाच्या समाधानासाठी दुर्बीण घालून घेऊ नये. ते समाधान फार दिवस टिकत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा कळ आली की ‘तेव्हा नसेल, आता झालं असेल’ असं वाटायला लागतं.

यजमानांच्या ‘मनात आहे’ या म्हणण्याकडे येते. त्यांना चिडवण्यासारखं काही सांगत नाही, पण एक जुना प्रयोग सांगते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये थॉमस आल्मी हे डॉक्टर निरोगी माणसांच्या मोठ्या आतड्यात नळी घालून आतलं अस्तर पाहत होते. एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या तपासणीत मुद्दाम असं बोलणं झालं की आत कॅन्सरसारखं काही दिसतंय. डोळ्यांसमोर त्याचं आतडं आवळलं, अस्तर लाल झालं. हे खोटं होतं असं सांगितल्यावर ते सैल पडलं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि देऊही नये. पण त्याने दाखवलं ते खरं होतं: भीती मेंदूत जन्मते, आवळलं जातं ते खरंखुरं आतडं. ताणाच्या वेळी मेंदूतून सुटणारी संप्रेरकं मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात. त्यात आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा जास्त जाग्या असतात. गुदाशयात छोटा फुगा फुगवून पाहिलं तर इतरांना जिथे नुसता दाब जाणवतो, तिथे आयबीएसच्या माणसाला दुखतं. तुमच्या चार वर्षांपूर्वीच्या जुलाबांनी त्या नसा जाग्या केल्या आणि त्या झोपल्या नाहीत.

आता तुमची पहाट पाहा. साडेचार-पाचला उपाशीपोटी कडक चहा. पोटात काही गेलं की मोठं आतडं आपोआप ढकलायला लागतं, तो शरीराचा नेहमीचा ठोका आहे आणि सकाळी तो सगळ्यात जोरात असतो. त्यात चहाची भर, आणि डोक्यात एकच विचार: पुढचे दोन तास संडास मिळणार नाही. भरलेल्या बसमधून एका बाईने मध्येच कुठे उतरायचं? ही भीती खोटी नाही, ती रस्त्यावरची वस्तुस्थिती आहे. सुटीच्या दिवशी संडास दहा पावलांवर असतो, म्हणून पोट शांत असतं. यजमानांना सांगा की फरक मनाचा नाही, दहा पावलांचा आहे.

म्हणून पहिला उपाय वेळेचा. ड्युटीच्या दीड तास आधी उठून लगेच काहीतरी खा, भाताची पेज किंवा भाकरीचा तुकडा, आणि चहा त्यानंतर अर्धा कप. जे तीनदा जायचं आहे ते घरात होऊन जाऊ दे. लोपेरामाइडची २ मिलिग्रॅमची गोळी ड्युटीच्या दिवशी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घेता येते. ती शौच थांबवते, कळ नाही. ताप किंवा रक्त असेल तेव्हा ती घ्यायची नाही, आणि तुमचे रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बऱ्याच वेळा पर्समध्ये गोळी आहे एवढ्यानेच पोट गप्प बसतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन महिने मधल्या थांब्यावर स्वच्छतागृह असलेला मार्ग मागून पाहा. आणि संडास नको म्हणून दिवसभर पाणी न पिणं सोडा. त्याने जुलाब थांबत नाहीत, फक्त चक्कर येते.

कळ फारच असेल तर आतड्याचा पेटका सोडवणाऱ्या गोळ्या आहेत, मेबेव्हेरिनसारख्या. त्याने भागलं नाही तर डॉक्टर कदाचित रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतील. मेडिकलवाला ‘हे डिप्रेशनचं औषध’ म्हणेल. डिप्रेशनला याच्या कितीतरी पट मात्रा लागते. इतक्या कमी मात्रेत ते आतड्याकडून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप मंद करतं आणि शौचही जरा घट्ट करतं, जे तुम्हाला हवंच आहे. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, २०२३ साली, याचा आयबीएसवर चांगला उपयोग दिसला. सकाळी गुंगी आणि तोंडाला कोरड, हा त्याचा त्रास. पहाटेच्या ड्युटीला ते संध्याकाळी लवकर घ्यावं लागेल, हे डॉक्टरांना सांगा.

जेवणाचं शेवटी ठेवलं, कारण तुम्ही ते सगळ्यात आधी केलंत. तुमच्या ताटातून एकाच वेळी इतकं गेलं की कशाने त्रास होतो ते कळायची सोयच राहिली नाही. सिलिअ‍ॅकचा रिपोर्ट नॉर्मल येऊ दे, मग पुढचं करा. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या मंडळींनी आयबीएससाठी एक आहार तयार केला, त्यामागची कल्पना सोपी आहे. काही साखरेसारखे पदार्थ लहान आतड्यात शोषले जात नाहीत. ते आतड्यात पाणी ओढतात आणि मोठ्या आतड्यात पोचले की तिथले जंतू त्यांचा गॅस करतात. आपल्या स्वयंपाकघरात यातले म्होरके कांदा आणि लसूण. त्यांच्या मागे गहू, उसळी, चणे-राजमा, कपभर दूध, आंबा, कलिंगड, सफरचंद. तिखटानेही काहींची कळ वाढते, पण ती गोष्ट निराळी.

चार ते सहा आठवडे हे कमी करायचं, त्याहून जास्त दिवस नाही. ज्वारीची भाकरी, भात, दुधी, दोडका, भेंडी, गाजर, मूगडाळीचं पातळ वरण, अंडं, मासे, थोडं दही. मूगडाळही भिजवून ते पाणी फेकून शिजवा. फोडणीला लसणाचा वास हवाच असेल तर पाकळ्या अख्ख्या तेलात परता आणि काढून टाका; लसणातला त्रास देणारा भाग पाण्यात विरघळतो, तेलात नाही. पाणी घालून शिजवायच्या आधी पाकळ्या बाहेर. या काळात काहीच फरक पडला नाही तर तुमचं पोट या पदार्थांचं नाही असं समजून सगळं परत सुरू करा. फरक पडला तर एकेक पदार्थ परत आणा. समजा आधी पोळी: पहिल्या दिवशी अर्धी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन. मग दोन-तीन दिवस विश्रांती, आणि पुढचा पदार्थ. बहुतेकींना शेवटी दोन-तीन गोष्टींतच अडचण सापडते, आणि तीही प्रमाणाची. चहातलं दूध चालतं, पेलाभर दूध चालत नाही, असं.

तंतूंसाठी कोंडा खाऊ नका, त्याने आयबीएसचं पोट आणखी फुगतं. इसबगोल चालतं, पातळ शौचालाही, कारण ते पाणी धरून ठेवतं. पेलाभर पाण्यात एक लहान चमचा, आठवडाभर तेवढंच, मग दोन. हे सगळं वजन आणखी न उतरता करायचं आहे. दर आठवड्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करा आणि वहीत लिहा. एक किलो आणखी गेलं तर आहाराचा प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जा.

एक शेवटची सूचना, लोहाच्या गोळ्या सुरू होतील तेव्हासाठी. त्यांनी शौच काळं होतं. ते काळं घट्टसर असतं आणि त्याला काही अर्थ नसतो. डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि नेहमीपेक्षा वेगळी उग्र दुर्गंधी असलेलं काळं शौच दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ते वरच्या भागातलं रक्त असू शकतं. आणि या गोळ्यांनी तुमचं पोट जास्तच ढवळलं तर त्या बंद करू नका, एक दिवसाआड घ्यायच्या का ते विचारा. एक दिवसाआड घेतल्याने दर गोळीतलं लोह शोषलंही चांगलं जातं.